लंबकाचं घड्याळ मागे का पडतं?

शाळेत लंबकाचं सूत्र काढताना sin θ ऐवजी सरळ θ लिहितात. कोन मात्र रेडियनमध्येच हवा. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याची साइन ०.१७३६, टँजंट ०.१७६३. साइन अर्धा टक्का कमी, टँजंट एक टक्का जास्त.

मग लंबकही अर्धा टक्का चुकतो का? नाही. गोळा टोकाला क्षणभरच असतो, मध्याजवळ चूक नगण्य. म्हणून आवर्तकाल सुमारे θ²/16 पटीनेच वाढतो: १० अंशांना ०.१९ टक्के. ऐकायला किरकोळ, पण सूत्रावर विसंबून बनवलेलं घड्याळ दिवसाला पावणेतीन मिनिटं मागे पडेल! ३० अंशांना चूक १.७ टक्के, म्हणजे दिवसाला पंचवीस मिनिटं. झोका २ अंशांचा ठेवला, तर साडेसहा सेकंदच.