तारीख एकच, शुभेच्छा त्याच्या

मित्राचा वाढदिवस आपल्याच तारखेला असला, की 'आपल्या दोघांनाही शुभेच्छा!' असं सहज लिहिलं जातं. त्यात मित्राच्या वाट्याला अर्धाच वाढदिवस येतो, शिवाय उलट शुभेच्छा देणं त्याला भाग पडतं. योगायोग एका वाक्यात सांगावा आणि लगेच त्याच्याकडे वळावं: 'तारीख एकच, त्यामुळे तुझा वाढदिवस मी विसरणं शक्यच नाही. यंदा नोकरी सांभाळून तू वकिलीची परीक्षा पास झालास, फार आनंद वाटला. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा!' इथे तारीख फक्त आठवणीपुरती येते, कौतुक सगळं त्याचं. आपलं वय, आपले बेत यात नकोत. पाठवण्याआधी 'मी', 'माझा' मोजा. एकाहून जास्त असतील तर खोडा. आणि त्याच्या शुभेच्छांची वाट न पाहता सकाळीच पाठवा.