६८७५ कुठून येतो?

केबलच्या सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत ‘सिम्बॉल रेट’समोर बहुतेकदा ६८७५ हा आकडा असतो. ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका पट्ट्यातून सेकंदाला ६८ लाख ७५ हजार सिम्बॉल येतात, असा त्याचा अर्थ. गणिताने मात्र तिथे ८० लाख मावतात. मग सव्वाअकरा लाख का सोडून दिले?

प्रत्येक सिम्बॉल म्हणजे तारेतून जाणारी एक पल्स. ती चौकोनी ठेवली, तर तिची ऊर्जा शेजारच्या पट्ट्यांत सांडते. ते सांडणं कापून काढलं की पल्स वेळेत लांबते आणि तिच्या शेपट्या मागच्यापुढच्या सिम्बॉलवर पडतात. सिम्बॉल एकमेकांत मिसळतात ते असे.

हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राचा विचार करताना यातली वाट दाखवली. रिसीव्हर प्रत्येक सिम्बॉलसाठी एकाच क्षणी मोजमाप घेतो. बाकीच्या पल्सच्या शेपट्या नेमक्या त्या क्षणी शून्यातून गेल्या, की पुरे! एरवी त्या कितीही एकमेकींवर चढोत.

पट्ट्याची कड सरळ उभी कापली तरी हे साधतं, आणि ८० लाखांचा हिशेब तिथलाच. पण त्या पल्सची शेपटी फार हळू विरते: अंतर दुप्पट झालं की उंची जेमतेम निम्मी होते. मोजण्याचा क्षण किंचित हुकला, तर दूरदूरच्या शेपट्यांचे तुकडे साचत जातात. शिवाय अशी उभी कड प्रत्यक्षात बनवताच येत नाही.

म्हणून कडेला उतार देतात. त्याचा आकार कोसाइन लहरीच्या अर्ध्या भागाचा, तळ शून्यावर येईल इतका वर उचललेला. रेझ्ड कोसाइन हे नाव त्यावरूनच. उताराचा मध्य पट्ट्याच्या केंद्रापासून सिम्बॉल रेटच्या निम्म्या अंतरावर असतो. मध्याच्या आत जेवढं कमी होतं, तेवढंच बाहेर वाढतं. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, कारण या समतोलामुळेच शून्यं जागची हलत नाहीत. शेपटी मात्र झपाट्याने विरते: दूरवर अंतर दुप्पट झालं, की उंची साधारण एक अष्टमांश.

उताराला जागा लागते. केबलच्या मानकात ती १५ टक्के जादा आहे. ६.८७५ ला १.१५ ने गुणलं की ७.९ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे ८ च्या जरा आत. उतार याहून अरुंद केला तर जास्त सिम्बॉल मावतील, पण घड्याळाची चूक कमी खपेल.

प्रत्यक्षात हा आकार दोघांत वाटलेला असतो. पाठवणारा त्याचं वर्गमूळ लावतो आणि रिसीव्हर उरलेलं वर्गमूळ, म्हणजे रिसीव्हरचा फिल्टर गोंगाटही उत्तम गाळतो. त्यामुळे फक्त पाठवणाऱ्याकडचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहिला, तर सिम्बॉल मिसळलेलेच दिसतात आणि नवखा इंजिनिअर बिघाड शोधू लागतो. रिसीव्हरच्या फिल्टरनंतर सिम्बॉलचे माग एकावर एक रचून पाहावेत. मोजण्याच्या क्षणी ते मोजक्या बिंदूंतून गेले आणि मध्ये डोळ्यासारखी मोकळी जागा राहिली, तर सगळं जुळलं आहे. तिथेही डोळा मिटलेला असेल, तर सैल कनेक्टरवरून परतणारा प्रतिध्वनी हे एक कारण असू शकतं. तो रेझ्ड कोसाइनच्या आवाक्याबाहेरचा; त्याच्यासाठी रिसीव्हरमध्ये वेगळा इक्वलायझर असतो.