घागरी चार, दोर मात्र एकच

परकीय चलनाच्या बाजारात उतरणाऱ्या माणसाला पहिला उपदेश मिळतो तो जोखीम विभागण्याचा. सारा पैसा एकाच सौद्यात गुंतवू नये, तो चार ठिकाणी वाटावा, म्हणजे एक बुडाला तरी उरलेले तीन तारतात, हा तो उपदेश. शेतीत तो खराच ठरतो. ज्वारीला मानवला नाही तो पाऊस कदाचित हरभऱ्याला मानवतो. परंतु चलनांच्या बाजारात तो पाळताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : आपण जे चार सौदे केले, ते खरोखरच चार आहेत काय? विहिरीत चार घागरी सोडल्या, पण त्या चारही एकाच दोराला बांधलेल्या असल्या, तर दोर तुटल्यावर घागरींची संख्या मोजून काय उपयोग?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या रुपयाच्याच इतिहासात स्पष्टपणे लिहिलेले आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपया जोडीचे वायदे २९ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाले. २०१०च्या आरंभी त्यांना युरो, पौंड आणि येन यांच्या रुपयाशी असलेल्या जोड्यांची सोबत मिळाली. डॉलर, युरो व पौंड यांचा एक सौदा प्रत्येकी एक हजार नाण्यांचा, तर येनचा एक लाखाचा. सर्वसामान्य सटोडियाला चार दारे उघडली आणि चार दारांमागे चार वेगवेगळ्या खोल्या असणार, असे त्याने साहजिकच गृहीत धरले.

२०१३च्या मे महिन्याच्या आरंभी अशाच एका सटोडियाने काय केले असते, ते पाहू. डॉलर तेव्हा सुमारे ५४ रुपयांना होता, युरो ७१ला, पौंड ८४ला आणि शंभर येन ५५ रुपयांना. भारतातील व्याजदर अमेरिकेहून बरेच चढे असल्यामुळे वायद्याचा भाव हजर भावाहून महिन्याला सुमारे अर्ध्या टक्क्याने अधिक असे. रुपया जागच्या जागी राहिला, तर वायदा विकणाऱ्याला हा फरक घरबसल्या मिळतो. हा मोह सोडवेना, म्हणून समजा आपल्या या गृहस्थाने चारही जोड्यांचे प्रत्येकी दहा वायदे विकले आणि महिना संपताच ते पुढच्या महिन्यात ओढत नेले. गाठीला पुंजी सहा लाखांची. डॉलरमध्ये त्याचा सौदा ५ लाख ४० हजारांचा, युरोत ७ लाख १० हजारांचा, पौंडात ८ लाख ४० हजारांचा व येनमध्ये साडेपाच लाखांचा झाला. वायदेबाजारात सौद्याच्या किमतीचा थोडासा अंशच तारण म्हणून ठेवावा लागतो, त्यामुळे एवढा व्यवहार त्या पुंजीवर सहज मावला. आपण अमेरिका, युरोप, ब्रिटन आणि जपान अशा चार अर्थव्यवस्थांत जोखीम वाटली आहे, असे त्याला मनोमन वाटत होते.

त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. २०१२-१३ या वर्षात आपली चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. ती भरून काढायला परदेशी भांडवलाचा ओघ लागत असे. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचे सूतोवाच केले आणि तो ओघ उलटला. जुलैत सेबीने डॉलर-रुपया वायद्यांवरील तारण दुप्पट केले. २८ ऑगस्टला डॉलर साडेअडुसष्ट रुपयांच्या आसपास गेला. त्याच दिवशी युरो ९१च्या, पौंड १०६च्या आणि शंभर येन ७०च्या घरात होते.

आता हिशेब मांडू. डॉलरच्या वायद्यांत तोटा सुमारे १ लाख ४५ हजार, युरोत २ लाख, पौंडात २ लाख २० हजार, येनमध्ये दीड लाख. एकूण सात लाखांच्या वर. चार महिन्यांत वायद्याच्या फरकातून मिळालेले पन्नासएक हजार वजा केले, तरी सहा लाखांची पुंजी संपून वर देणे उरतेच. चारांपैकी एकाही घागरीने दुसरीला वाचवले नाही.

याचे कारण बाजाराच्या लहरीत नाही, ते साध्या अंकगणितात आहे. युरोचा रुपयातील भाव स्वतंत्रपणे ठरत नाही. एका युरोला किती डॉलर आणि एका डॉलरला किती रुपये, या दोन भावांचा गुणाकार म्हणजे युरोचा रुपयातील भाव. पौंडाचे आणि येनचेही तसेच. आपल्याकडे रोज जाहीर होणारे या तिन्ही चलनांचे संदर्भदरसुद्धा डॉलरच्या दरावरूनच काढले जातात. म्हणजे या प्रत्येक जोडीला दोन पाय आहेत : एक परदेशी चलन आणि डॉलर यांच्यामधला, दुसरा डॉलर आणि रुपया यांच्यामधला. पहिला पाय प्रत्येकीचा वेगळा, दुसरा मात्र चौघींचा सामाईक. त्या चार महिन्यांत युरोचा डॉलरमधील भाव १.३१ वरून १.३३ झाला, पौंडाचा १.५५च्या जवळपास राहिला आणि डॉलरला मिळणारे येन आरंभी व अखेरीस ९७च्या आसपासच होते. वेगळे पाय जवळजवळ हललेच नाहीत. सारी पडझड सामाईक पायाची होती.

म्हणून त्या गृहस्थाचा खरा सौदा कोणता होता, हे पाहायचे तर चारही रकमांची बेरीज करावी लागते. ती येते २६ लाख ४० हजार रुपये. त्याला भागिले डॉलरच्या एका वायद्याची किंमत, चोपन्न हजार. उत्तर सुमारे एकोणपन्नास. म्हणजे आपण डॉलरचे दहा वायदे विकले अशी समजूत असलेल्या माणसाने प्रत्यक्षात, रुपयापुरते बोलायचे तर, एकोणपन्नास विकले होते. कोणी त्याला एकदम एकोणपन्नास वायदे विकायला सांगितले असते, तर तो दचकला असता. दहा-दहाच्या चार लहान चिठ्ठ्यांनी तो दचकला नाही. जोखीम निमूटपणे वाढते ती अशी.

संख्याशास्त्रात या एकजुटीला सहसंबंध म्हणतात. दोन जोड्यांचे रोजचे टक्केवारीतील चढउतार शेजारी मांडून तो काढतात. पूर्ण एकदिश चाल असेल तर तो १, काहीच नाते नसेल तर ०, पूर्ण विरुद्ध असेल तर उणे १. (नुसत्या भावांवरून तो काढणे चूक, कारण वर्षभर हळूहळू चढणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींत नाते असल्याचा भास होतो.) समान जोखमीचे चार सौदे एकमेकांशी काहीही नाते नसलेले असतील, तर एकत्रित जोखीम एका सौद्याच्या चौपट न होता दुप्पटच होते, कारण एकाचा तोटा दुसरा अंशतः भरून काढतो. विभागणीचा जो काही फायदा आहे, तो हाच. पण सहसंबंध ०.८ असेल, तर तीच जोखीम जवळजवळ ३.७ पट होते. म्हणजे चौपटीला थोडेसेच कमी. विभागणीचे श्रम झाले, दलाली चार ठिकाणी दिली आणि संरक्षण मात्र नाममात्र मिळाले.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, की मग आधीच सहसंबंध मोजून का पाहू नये? अवश्य पाहावा. परंतु तो कोणत्या काळातला, हेही पाहावे. २००७ साल घ्या. वर्षारंभी ४४ रुपयांचा डॉलर वर्षअखेरीस साडेएकोणचाळीसच्या खाली आला आणि तिरुपूरच्या कापड निर्यातदारांत हाहाकार उडाला. पण त्याच वर्षी युरो अठ्ठावन्न रुपयांच्या आसपासच सुरू झाला आणि तेथेच संपला, कारण डॉलर जगभरच घसरत होता व युरो त्याच्यापुढे १.३२ वरून १.४६वर गेला होता. त्या वर्षाच्या आकड्यांवरून डॉलर-रुपया आणि युरो-रुपया या जोड्या परस्परांपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत, असाच निष्कर्ष निघाला असता आणि त्या वर्षापुरता तो खोटाही नव्हता. २००७ मध्ये दुखणे डॉलरचे होते, २०१३ मध्ये रुपयाचे. दुखणे डॉलरचे असते तेव्हा जोड्या वेगवेगळ्या चालतात. ते रुपयाचे असते तेव्हा सर्व जोड्या एका सुरात बोलू लागतात. रिझर्व्ह बँक रुपयाला शांत राखते त्या महिन्यांत सामाईक पाय हलत नाही, म्हणून सहसंबंध कमी दिसतो आणि सटोडिया आणखी एक जोडी हाती घेतो. नेमका तो पाय मोडतो त्या दिवशी मोजलेला आकडा निरुपयोगी झालेला असतो. म्हणून शांत आणि वादळी असे दोन्ही काळ मोजावेत आणि पुंजीचा हिशेब वादळी आकड्यावर करावा.

मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रुपयाच्या जोड्यांचे बाजारातील वायदे करायला खरा व्यापारी व्यवहार पाठीशी असावा लागतो. त्यामुळे नुसत्या सटोडियांची गर्दी ओसरली. पण म्हणून हा विषय संपला, असे नाही. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराचे उदाहरण घ्या. त्याची येणी नेदरलँड्सकडून युरोत, इंग्लंडकडून पौंडात आणि आखाताकडून डॉलरमध्ये. तीन देश, तीन चलने, म्हणून आपण सुरक्षित, असे तो समजतो. परंतु त्याचा मजुरीचा, औषधांचा आणि कर्जाच्या हप्त्याचा खर्च रुपयांत आहे. रुपया स्वतःच्या बळावर चढला, तर त्याची तिन्ही येणी एकाच वेळी आक्रसतात.

त्याने करायचे काम कठीण नाही. तिन्ही येणी आजच्या भावाने डॉलरमध्ये आणून एकच बेरीज करावी. परदेशातून काही माल मागवला असेल, तर त्याचे देणे तीतून वजा करावे. उरलेली रक्कम हीच त्याची रुपयाविषयीची खरी जोखीम. तिचा किती भाग बँकेकडे आगाऊ भाव ठरवून सुरक्षित करायचा, हा निर्णय त्या एका आकड्यावर घ्यावा, तीन स्वतंत्र बिलांवर नव्हे. युरो-डॉलर आणि पौंड-डॉलर हे उरलेले पाय त्यानंतर वेगळे पाहावेत. पाहताना त्या दोघांतही बरेच सख्य असते, हे विसरू नये.

वहीच्या एका पानावर मावणारा हा हिशेब आहे. तो मांडला नाही, तरी बाजार कधीतरी तो मांडतोच. २०१३च्या सप्टेंबरात रुपया सावरू लागला आणि काही आठवड्यांत डॉलर बासष्टच्या आसपास उतरला. तेव्हा ऑगस्टअखेरच्या भीतीत चारही चलने घाईने विकत घेणाऱ्यांवरही तीच पाळी आली. दिशा उलटी होती, घागरी चारच होत्या आणि दोर तोच होता.