फोटोतला बाण आणि बंद वाट

परीक्षेच्या आदल्या रात्री अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सरांना व्हॉट्सॲपवर गणिताचा फोटो पाठवणं, ही आता रोजचीच गोष्ट. पान तिरकं, एका कोपऱ्यात अंगठा, वर ट्यूबलाइटची चमक. खाली एक ओळ: "सर, कसं सोडवू?" फोटोतलं गणित असं आहे:

∮ (y² + e^(x²)) dx + (3xy + √(1+y⁴)) dy

खाली आकृतीत एक त्रिकोण. शिरोबिंदू (0,0), (2,0) आणि (2,4). बाजूंवर बाण काढलेले, पण त्यांतला एक अंगठ्याखाली गेलेला.

याला रेषा-संकलन म्हणतात. वर्गात सगळे लाइन इंटिग्रलच म्हणतात. एखाद्या वाटेने चालताना पावलोपावली लागणारा जोर मोजायचा आणि त्याची बेरीज करायची, असा त्याचा ढोबळ अर्थ. संकलनाच्या चिन्हावर छोटं वर्तुळ असलं, तर वाट जिथून निघाली तिथेच परत येते. ते वर्तुळ फोटोत पुसट आलं की विद्यार्थी ते सोडून देतात, आणि गणिताची किल्ली तर तिथेच असते.

सरळ मार्ग म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एकेक करून चालायच्या. पहिल्या बाजूवर y शून्य आहे, म्हणजे dy सुद्धा शून्य. उरतं ते फक्त e^(x²) चं 0 ते 2 संकलन. इथेच पेन थांबतं, कारण नेहमीच्या फलनांत या संकलनाचं सूत्रच नाही. दुसऱ्या बाजूवर √(1+y⁴) वाट अडवतं, त्याचीही तीच गत. पेपर काढणाऱ्याने हे दोन राक्षस उगाच बसवलेले नाहीत. त्यांना हात न लावता जाणारी दुसरी वाट आहे, हे तो सुचवतो आहे.

ती वाट म्हणजे ग्रीनचं प्रमेय. dx सोबतच्या राशीला P म्हणू आणि dy सोबतच्या राशीला Q. मग बंद वाटेवरची बेरीज ही आतल्या क्षेत्रावर Q चं x नुसार आंशिक विकलन वजा P चं y नुसार आंशिक विकलन, एवढ्याचं संकलन केल्यासारखीच येते. ही जादू नव्हे. त्रिकोणाचं शेत छोट्या छोट्या वाफ्यांत वाटलं आहे, असं समजा. प्रत्येक वाफ्याला एकाच दिशेने फेरी मारली, तर शेजारच्या दोन वाफ्यांमधल्या बांधावरून एकदा एकीकडे आणि एकदा उलटं जावं लागतं. तो हिशोब तिथेच फिटतो. शिल्लक राहतो तो फक्त शेताचा बाहेरचा बांध.

आता आपलं गणित. Q मधल्या 3xy चं x नुसार विकलन 3y, आणि √(1+y⁴) मध्ये x नाहीच, म्हणून तिथे शून्य. P मधल्या y² चं y नुसार विकलन 2y, आणि e^(x²) मध्ये y नाही, म्हणून तिथेही शून्य. वजाबाकी केली की फक्त y उरतो. दोन्ही राक्षस लढाई न होताच गेले.

उरलं त्रिकोणावर y चं संकलन. x 0 ते 2, आणि प्रत्येक x साठी y 0 ते 2x. आतलं संकलन 2x², बाहेरचं केलं की 16/3. शाळेतली भूमिती आठवत असेल त्याला एवढंही नको: त्रिकोणाचं क्षेत्रफळ 4 आणि मध्यगासंपाताची उंची 4/3, म्हणजे गुणाकार 16/3.

पडताळा हवा असेल, तर सरळ मार्गानेही घेता येतो. दोन्ही राक्षस एकेकाच चलाचे, म्हणून एका बाजूवर जेवढे येतात तेवढेच तिसऱ्या बाजूवरून परतताना उणे होतात. बाकी पदांचं पाहिलं तर पहिली बाजू 0, दुसरी 48, आणि तिरक्या बाजूवरून परतताना उणे 128/3. बेरीज 16/3.

यावरून फोटोतला कोणता डाग निरुपद्रवी आणि कोणता घातक, हेही कळतं. e^(x²) धूसर होऊन e^(2x) वाचलं गेलं, तरी उत्तर बदलत नाही. आत y नाही, एवढं पुरे. पण तोच घातांक xy असेल, तर सगळं बदलेल. y² चा छोटा 2 दिसला नाही आणि नुसता y घेतला, तर 16/3 ऐवजी 12 येईल, आणि ते इतकं नीटनेटकं दिसेल की शंकाही येणार नाही.

सगळ्यात महाग पडतो तो अंगठ्याखालचा बाण. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. या प्रमेयात उलटं, क्षेत्र डाव्या हाताला ठेवून चालायचं. (0,0) वरून (2,0), मग (2,4), मग परत, ही तीच दिशा. बाण उलटे असले, तर उत्तर उणे 16/3. सरांनी म्हणूनच आधी लिहिलं, "अंगठा काढून परत फोटो पाठव."

ज्याच्या नावाने हे प्रमेय आहे तो जॉर्ज ग्रीन नॉटिंगहॅमजवळच्या स्नाइंटनच्या पवनचक्कीत काम करणारा गिरणीवाला. लहानपणी त्याला जेमतेम वर्षभर शाळा मिळाली. 1828 मध्ये त्याने वर्गणीदार जमवून वीज आणि चुंबकत्व यांवरचा निबंध छापला. आज पुस्तकात असतं त्या सपाट रूपात हे प्रमेय त्या निबंधात नाही. ते 1846 मध्ये कोशीने मांडलं.

पुढच्या मिनिटाला दुसरा फोटो आला. यात P म्हणजे −y/(x²+y²), Q म्हणजे x/(x²+y²), आणि वाट म्हणजे एकक वर्तुळ. विद्यार्थ्याने नुकतीच शिकलेली युक्ती लावली, वजाबाकी शून्य आली, त्याने उत्तर शून्य लिहिलं. चुकलं. आरंभबिंदूवर छेद शून्य होतो, तिथे राशीच अस्तित्वात नाही, आणि तो बिंदू नेमका वर्तुळाच्या आत आहे. शेतात मधोमध विहीर असताना तिच्यावरून वाफे आखण्यातला हा प्रकार.

इथे सरळ मार्गच सोपा. x = cos t, y = sin t ठेवलं की छेद 1, आणि वर sin²t + cos²t, म्हणजे तेही 1. t 0 पासून 2π पर्यंत, उत्तर 2π.

तिसऱ्या फोटोत राशी तीच, पण वर्तुळाच्या जागी 4x² + 9y² = 36 हे लंबवर्तुळ. आता सरळ गेलं तर छेदात 9cos²t + 4sin²t येतं आणि हिशोब किचकट होतो. पण लंबवर्तुळ आणि त्याच्या आतलं एकक वर्तुळ यांच्या मधल्या पट्ट्यात विहीर नाही. त्या पट्ट्यावर ग्रीनचं प्रमेय बिनधास्त चालतं आणि वजाबाकी शून्य येते. म्हणून दोन्ही वाटांवरची बेरीज सारखी: 2π. यावेळी विद्यार्थ्याने उत्तराआधी एकच प्रश्न पाठवला: "सर, विहीर आत आहे ना?"