झोपेतली नाडी काय सांगते?

सकाळी साडेसहाला अंथरुणातच मनगटावरच्या घड्याळात बघितलं तर आकडा ५८. दात घासून, पाण्याची बादली उचलून बाहेर आल्यावर ८८. दुपारी जेवून अर्धा तास झाला तेव्हा ८२, वामकुक्षीत ६२ आणि संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढल्यावर ११०. ही सगळी नाडी एकाच माणसाची, एकाच दिवसाची आणि पूर्णपणे निरोगी. तरीही या आकड्यांतला एखादाच बघून घाबरलेली माणसं दवाखान्यात येतात, कारण शाळेत पाठ झालेलं ‘७२’ त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं.

बहात्तर ही फार तर सरासरी म्हणता येईल. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० या टप्प्यात असली की डॉक्टर ती साधारण मानतात. नियमित पळणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्या माणसाची पन्नाशीच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. मात्र या टप्प्यात आणखी एक गोष्ट धरायला हवी, ती म्हणजे वेळ. नाडीला दिवसाची एक चाल असते. पहाटे चढायची, दुपारी थोडी विसावायची, रात्री खाली उतरायची. ही चाल माहीत नसेल तर आकडा हातात असूनही त्याचा अर्थ लागत नाही.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्याचा इशारा तिथून निघतो. हा पुंजका एकटा सोडला तर मिनिटाला साधारण शंभर ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हे स्पष्ट दिसतं. त्याच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे माणूस शांत पडून असला तरी ते बरेचदा ९० ते ११०च्या घरात चालतं. बाकीच्यांचं हृदय सत्तरवर राहतं, कारण मेंदूकडून उतरणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते. म्हणजे विश्रांतीतल्या नाडीचा आकडा हा मुख्यतः या लगामाचा आकडा असतो. लगाम सैल पडला की नाडी वाढते, आवळला की कमी होते. जोडीला अ‍ॅड्रेनॅलिनच्या घराण्यातली रसायनं टाच मारायला असतातच.

रात्री लगाम सर्वांत घट्ट असतो. गाढ झोपेत नाडी दिवसाच्या विश्रांतीपेक्षाही खाली जाते आणि बहुतेकांच्या बाबतीत पहाटेच्या आधीच्या तासांत तळ गाठते. तरुण, धडधाकट माणसाची त्या वेळी ४५ झाली तरी काही बिघडलेलं नसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर क्वचित दोन सेकंदांपर्यंत लांबलं तरीही नाही. स्वप्नांच्या झोपेत मात्र ती वरखाली होत राहते, म्हणून घड्याळातला रात्रीचा आलेख गुळगुळीत न दिसता दातेरी दिसतो.

पहाटेची चढण दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा झोपेतच सुरू होतो. मेंदूतलं जैविक घड्याळ उजाडण्याआधीच शरीराला तयार करायला लागतं, रक्तातलं कॉर्टिसॉल चढायला लागतं आणि शरीराचं तापमान रात्रीच्या तळातून वर येतं. या टप्प्यात नाडी थोडीच वाढते. दुसरा टप्पा उठून उभं राहण्याचा, आणि तो झपाट्याचा असतो. उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मेंदूचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी हृदयाला वेग घ्यावा लागतो, आणि नाडी दहा ते वीस ठोक्यांनी वर जाते. अंथरुणातल्या ५८चे मोरीपाशी ८८ होतात ते बहुतेक करून या दुसऱ्या टप्प्यामुळे.

ही चढण निरोगी हृदयाला सहज पेलते. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, त्यांना मात्र हा काळ नाजूक ठरतो. १९८५ साली जेम्स म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हृदयविकाराच्या रुग्णांची माहिती तासांप्रमाणे मांडली. सकाळी नऊच्या सुमारास येणाऱ्या झटक्यांचं प्रमाण रात्री अकराच्या तुलनेत सुमारे तिप्पट निघालं. ज्यांना झटका येण्याआधी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि रक्तदाब आवरणारी औषधं सुरू होती, त्यांच्यात हा सकाळचा उंचवटा दिसला नाही. नाडीबरोबर सकाळी रक्तदाबही चढतो आणि रक्ताची गोठण्याची वृत्तीही वाढते, त्यामुळे दोष एकट्या नाडीवर टाकता येणार नाही. पण हृदयविकार असलेल्या माणसानं सकाळची गोळी दुपारी उरकू नये, हे यावरून नक्की कळतं.

दुपारची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. एक ते चारच्या दरम्यान शरीराची सजगता थोडी उतरते. ही उतरण केवळ भरल्या पोटामुळे येत नाही, जेवण चुकलेल्या माणसालाही ती जाणवते. त्या वेळी आडवं होऊन डुलकी लागली तर लगाम पुन्हा आवळतो आणि नाडी रात्रीच्या आकड्याच्या जवळ येते. पण जेवणाची ओढ उलट्या दिशेला असते. पोट आणि आतड्यांकडे रक्त वळतं, आणि ते भरून काढायला हृदय तास-दोन तास थोडं जोरात चालतं. पुरणपोळीच्या जेवणानंतर खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी म्हणूनच कमी होण्याऐवजी वाढलेली सापडते. दुपारची विसावलेली नाडी बघायची असेल तर हलकं जेवण आणि थोडी झोप, दोन्ही हवं.

वयस्कर माणसांमध्ये कधी कधी हृदयाला हा वेग पुरेसा घेता येत नाही. मग जेवणानंतर दोन तासांच्या आत रक्तदाब घसरतो, उठताना अंधारी येते, तोलही जातो. आजोबा रोज दुपारी जेवून उठतानाच भेलकांडत असतील तर जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने नाडी आणि बीपी दोन्ही मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

ही चोवीस तासांची चाल दिसू लागली ती नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. त्याचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर बांधायचं, वजन सुमारे ३८ किलो. पुढे ते आक्रसत गेलं आणि १९६१ साली त्याने या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज डॉक्टर ‘होल्टर लावू या’ म्हणतात तेव्हा गळ्यात किंवा कमरेला अडकवायची छोटी डबी येते. मनगटी घड्याळ वेगळ्या रीतीने काम करतं. त्याचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताचे हेलकावे मोजतो. पट्टा सैल असला किंवा हात हलत असला की आकडा चुकतो. कणीक मळताना घड्याळाने १४० दाखवले तर आधी हात थांबवून, दोन बोटांनी नाडी मोजून खात्री करावी.

रोजच्या चालीतून वेगळं काय मानायचं, हे कळण्यासाठी झोपेतल्या नाडीसारखं सोपं साधन नाही. ही जुनी पद्धत आहे आणि तिला खर्च शून्य.

समजा, सेहेचाळीस वर्षांच्या दोन बायका एकाच आठवड्यात डॉक्टरांकडे आल्या. दोघींची तक्रार एकच, छातीत धडधड. दोघींची नाडी दवाखान्यात १०४. दोघींना घाम येतो, हात थरथरतात, झोप नीट लागत नाही. डॉक्टरांनी दोघींच्या घरच्यांना सांगितलं की झोप लागून तासभर झाल्यावर हळूच नाडी मोजा. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं, अंगठा वापरायचा नाही, कारण मोजणाऱ्याच्याच अंगठ्यात ठोका असतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं. बाई जागी झाली तर तो आकडा सोडून द्यायचा. असं तीन रात्री करायचं.

पहिलीचे आकडे आले ६६, ६४, ६८. झोपेत मन शांत झालं, तशी नाडीही उतरली. दवाखान्यातले १०४ हे बहुधा ताणाचे आणि डॉक्टरांसमोर बसण्याचे होते. दुसरीचे आले ९२, ९०, ९४. तिचं मन झोपलं, पण नाडी झोपली नाही. खाणं नेहमीचं असूनही तिचं वजन काही महिन्यांत घटलं होतं, आणि थंडीतही तिला पंखा लागत होता. थायरॉइड ग्रंथी जास्त चालू लागली की तिचा स्राव ठोक्याचा इशारा देणाऱ्या पेशींवर थेट काम करतो, त्यामुळे झोप लागल्यानेही वेग फारसा उतरत नाही. नुसत्या नाडीवरून निदान होत नाही. ताप, रक्त कमी असणं, रात्री उशिरा घेतलेलं जड जेवण किंवा दारू यांनीही झोपेतली नाडी वर राहते. पण टीएसएच ही रक्ततपासणी आधी कोणाची करायची, हे त्या तीन रात्रींनी सांगितलं.

चाल सपाट होण्याचं आणखी एक कारण म्हणजे जुना मधुमेह. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की व्हेगस नस झिजते आणि लगामच सुटतो. मग विश्रांतीतही नाडी नव्वदीच्या वर आणि रात्री फारशी न उतरणारी. एरवी खोल श्वास घेताना नाडी थोडी वाढते, सोडताना कमी होते आणि तरुणपणी हा फरक ठळक असतो. अशा मधुमेहींमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो. श्वासाबरोबरचा हा चढउतार अनियमितपणा वाटून घाबरणारे पुष्कळ आहेत, खरं तर तो असणंच चांगलं.

खरा अनियमितपणा निराळा असतो. ठोक्यांना कसलाच ठेका नाही, एक जवळ, एक लांब, एक जोराचा, एक हलका, असं बोटांना लागत असेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून त्रास होत नसला तरी ईसीजी काढायला हवा. बसल्या जागी एकदम बटण दाबल्यासारखी नाडी १६०-१८० होते आणि तशीच एकदम थांबते, तेही पायऱ्या चढण्याच्या धडधडीपेक्षा वेगळं. त्यात वेग हळूहळू चढत-उतरत नाही. आणि रात्रीचे ४५ निरोगी माणसात चालतात, पण सत्तरीच्या माणसाची दिवसा जागेपणी नाडी चाळीसवर असेल, चक्कर येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी हवा. डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात, कारण बीटा ब्लॉकरनेही नाडी मंदावते.

छातीत दुखणं, धाप लागणं किंवा बेशुद्धी सोबत असेल तर मोजमाप करत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं. एरवी आठवडाभर एक वही ठेवावी. उठण्याआधी आडवं असताना, दुपारच्या झोपेनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी शांत बसून, अशी तीन वेळा नाडी मोजावी, आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ, बसलेले की आडवे, आणि शेवटचा चहा कधी घेतला हे लिहावं. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.