मुकाट फोन

‘आपले पार्सल अडले आहे, एवढा आकडा फिरवा’ असे कुरिअरवाला म्हणवणारा अपरिचित आर्जवाने सांगतो, तेव्हा `**21*` आणि `#` यांच्या मध्ये बसवलेला क्रमांक त्याच्याच साथीदाराचा असतो, हे घाईत कोणाच्या ध्यानी येत नाही. हा संकेत म्हणजे, येणारा प्रत्येक कॉल परस्पर तिकडे रवाना करावा, असा मोबाइल कंपनीच्या यंत्रणेस आपणच दिलेला हुकूम होय. तो हँडसेटमध्ये नव्हे, तर त्या यंत्रणेच्या दप्तरी नोंदला जात असल्याने फोन बंद करूनही वळण सुटत नाही. एसएमएस मात्र वळत नाहीत. म्हणूनच भामटा आपले व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर उघडताना पडताळणीचा अंक कॉलवर मागवतो, आणि आपला फोन मुकाट राहतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशी संकेताधारित सेवा स्थगित करण्याचा आदेश काढला; तरी संशय आल्यास `*#21#` फिरवून स्थिती पाहावी आणि `##002#` ने सर्व वळणे रद्द करावीत.