सोडत एकदाच निघाली, यादी मात्र रोज बदलली

आज एका सोसायटीतल्या पार्किंगची गोष्ट सांगतो. फ्लॅट २४, जागा १०. ठरलं की एक्सेलमध्ये सोडत काढायची. ए रकान्यात फ्लॅट नंबर, बी आणि सी मध्ये ही सूत्रं, आणि पहिल्या दहा क्रमांकांना जागा:

```
B2: =RAND()
C2: =RANK(B2,$B$2:$B$25)
```

सभेत सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं, ३०४ नंबरचा फ्लॅट तिसरा आला. टाळ्या झाल्या. मग सेक्रेटरींनी एका सभासदाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली, एंटर दाबलं, आणि ३०४ गेला सतराव्या क्रमांकावर! Ctrl+Z केलं, तर तिसरीच यादी आली. आता भांडण होणारच की नाही?

इथे लबाडी कुणी केली नव्हती. साधं सूत्र एक्सेल तेव्हाच पुन्हा मोजतं, जेव्हा त्याला लागणारा एखादा सेल बदलतो. पण RAND आणि TODAY बाहेरून काहीच घेत नाहीत, कंस रिकामे असतात. मग ती शिळी झाली हे ओळखायचं कशावरून? म्हणून एक्सेल दर फेरमोजणीत ती नव्यानं मोजतं. वेलांटीसाठी एंटर दाबलं की फेरमोजणी, फाइल उघडली की फेरमोजणी. Ctrl+Z नं वेलांटी परत आली, पण पुन्हा मोजणी झाली, आणि जुने आकडे तर कुठे साठवलेलेच नव्हते. काहीही न बदलता फाइल बंद करताना ‘सेव्ह करू का?’ असं विचारलं, तर आत असं एखादं सूत्र असण्याची शक्यता असते.

उपाय आकडे दिसताक्षणी करायचा. B2 ते B25 निवडा, Ctrl+C, मग त्याच जागी Ctrl+Alt+V, V आणि एंटर. सूत्र जातं, आकडा उरतो. B2 वर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत बघा: =RAND() ऐवजी 0.73 असा लांबलचक आकडा दिसला की काम झालं.

गोठवायचा बी रकाना, हे विसरू नका. फक्त सी गोठवलात तर क्रमांक टिकतील, पण शेजारचे आकडे बदलत राहतील आणि उद्या कुणी पडताळणी मागितली तर दोन्ही जुळणार नाहीत. काही जण मोजणी ‘मॅन्युअल’ करून ठेवतात. माझ्या मते तो नुसता दिलासा आहे. कुणी F9 दाबलं की सगळं पुन्हा हलतं.

तारखेचंही तेच. सोडतीच्या कागदावर =TODAY() होतं, महिन्यानं प्रत काढली तर तारीखही त्याच दिवशीची छापून आली. नोंदीची तारीख Ctrl+; नं टाका, ती तिथेच राहते. आधीच TODAY टाकलं असेल तर त्याच दिवशी वरच्यासारखं गोठवा. दुसऱ्या दिवशी गोठवलंत तर चुकीचीच तारीख पक्की होईल. आणि दुसऱ्या साध्या सेलमध्ये मूल्य चिकटवल्यावर २६ जानेवारी २०२५ ऐवजी 45683 दिसलं तर घाबरू नका. एक्सेल तारीख दिवसांच्या आकड्यात ठेवतं, सेलला तारखेचं रूप दिलं की झालं.

त्या सोसायटीत शेवटी सोडत नव्यानं काढावी लागली. या वेळी आकडे गोठवले, तिथेच छापले आणि सभासदांच्या सह्या घेतल्या. ३०४ ला जागा मिळाली नाही.